शेवट झाल्यावरही चित्रपट थांबत नाही तेव्हा
चित्रपटावर लिहिताना : भाग ७

मागच्या भागात एकाच प्रसंगावर लिहिलं. आता एकाच दिग्दर्शकाचे दोन चित्रपट शेजारी ठेवू. चैतन्य ताम्हाणे यांचे ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘द डिसायपल’ (२०२०) मी मुद्दाम घेतले आहेत, कारण वरवर पाहता दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. एकात नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला चालतो. त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप आहे. दुसऱ्यात शरद नेरुलकर हा तरुण शास्त्रीय गायक होण्यासाठी वर्षानुवर्षं झटतो.

असे निबंध बहुधा साम्यांच्या यादीतच फसतात. दोन्ही चित्रपट मुंबईत घडतात, दोन्हींत लांबून घेतलेले स्थिर शॉट आहेत, अभिनय संयत आहे. हे सगळं खरं असलं तरी यातलं एकेक वाक्य आणखी दहा दिग्दर्शकांवर चिकटवता येईल. वाक्य लिहून झालं की दिग्दर्शकाचं नाव खोडून दुसरं घालून पाहा. तरीही ते खरं वाटलं, तर ते काढून टाका.

यादी करण्यापेक्षा दोन्हींतला एकच ठरावीक क्षण निवडावा. मी शेवट निवडला.

‘कोर्ट’च्या अखेरीस न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागते. लोक निघून जातात, दिवे मालवतात आणि कॅमेरा अंधारलेल्या खोलीत तसाच राहतो. श्रेयनामावली आता येणार, अशी प्रेक्षकाची खात्री होते. पण चित्रपट पुढे जातो. न्यायाधीश सदावर्ते कुटुंबकबिल्यासह सहलीला गेले आहेत. बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते. मुलं चोरपावलांनी येऊन ओरडतात. ते दचकून उठतात, एका मुलाला थप्पड लगावतात आणि पुन्हा झोपी जातात.

‘द डिसायपल’मध्ये शरद मैफलीत गाता गाता थांबतो आणि मंचावरून उठून जातो. आपण गायक होऊ का, या इतकी वर्षं मनात घोळत असलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालेलं असतं, आणि गोष्ट तिथे संपली असती तरी कुणाची तक्रार नसती. पण इथेही चित्रपट पुढे चालतो. शरद बायको आणि मुलीबरोबर लोकलमध्ये बसला आहे. डब्यात एक माणूस गात गात पैसे मागत येतो आणि शरद ऐकत राहतो.

आता निबंधाला धागा मिळाला. ताम्हाणे नाट्याचा शेवट करतात आणि त्यानंतर आणखी एक साधं, बिननाट्याचं दृश्य ठेवतात. मग लिहिण्याजोगा प्रश्न उरतो, की हे जादा दृश्य दोन्ही ठिकाणी एकच काम करतं का? माझ्या मते नाही. ‘कोर्ट’मध्ये आपण संस्थेकडून माणसाकडे येतो. सदावर्ते यांनी आधी एका बाईनं बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून तिचं प्रकरण ऐकायला नकार दिलेला असतो. तोच सहज, विचार न करता हुकूम चालवणारा हात सहलीतही दिसतो, फक्त अंगावर कोट नसतो. ‘द डिसायपल’मध्ये उलट घडतं. आतापर्यंत आपण एका माणसाच्या आत होतो. शेवटी कॅमेरा त्याला गर्दीत सोडतो आणि गाणं त्याच्याविना चालू राहतं.

हे टिकेल का, हे तपासण्याची एक सोय इथे आयतीच आहे. दोन्ही चित्रपटांचे छायालेखक वेगळे आहेत : ‘कोर्ट’चे मृणाल देसाई, ‘द डिसायपल’चे मिहाऊ सोबोचिन्स्की. चौकटीची रचना बदलूनही ही शेवटाची खोड टिकली, तर ती दिग्दर्शकाची आहे असं म्हणायला बळ मिळतं. तरी दोनच चित्रपटांवरून ‘नेहमी’ असं लिहू नका. ‘या दोन्हींत’ एवढंच पुरे.

विरोधातला पुरावाही निबंधात यायला हवा. ‘द डिसायपल’मध्ये शरद रात्री मोटारसायकलवरून उड्डाणपुलांवर फिरतो, चित्र संथ होतं आणि कानात ज्येष्ठ गायिका माईंच्या व्याख्यानांच्या ध्वनिफिती चालू असतात. ‘कोर्ट’मध्ये असं काही नाही. तिथे आपण कुणाच्याही डोक्यात शिरत नाही. मृत कामगाराची विधवा साक्ष देते, की नवरा गटारात आधी खडा टाकून झुरळं बाहेर येतात का ते पाही. झुरळं आली की आत हवा आहे असं समजून तो उतरे. हे ती सपाट आवाजात सांगते आणि कॅमेरा जागचा हलत नाही. अनेकांना इथे शैली बदलली असं वाटतं. मी म्हणेन, अंतर बदललं. न्यायालयात आपण बाकावर बसलेले बघे आहोत. शरदच्या बाबतीत त्याच्या भ्रमात सामील झाल्याशिवाय तो भ्रम मोडताना काही वाटणार नाही. म्हणून दिग्दर्शक आपल्याला आत घेतो आणि अखेरच्या लोकलमध्ये पुन्हा बाहेर आणून बसवतो.

निबंधाचा कणा म्हणून मी मोटारसायकल आणि साक्ष ही जोडीच वापरेन. शेवटांची तुलना पहिल्या परिच्छेदात येईल.