पाच आकड्यांत अडकलेला हीप सॉर्ट

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक पाच आकडे देतात आणि प्रोग्राम चुकतो. आमच्या लॅबमध्ये एका मुलीच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. घरी तिने तोच प्रोग्राम दहा आकड्यांवर चालवला होता, आठांवर चालवला होता, चारांवरही. प्रत्येक वेळी उत्तर बिनचूक आलं होतं. परीक्षकांनी ४२, ३५, १७, २८, ९१ हे आकडे टाकायला सांगितले आणि पडद्यावर आलं: १७, २८, ३५, ९१, ४२. परीक्षा संपल्यावर ती प्रिंटआउट घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, चार दिले तर बरोबर येतंय, सहा दिले तरी बरोबर येतंय. पाचलाच काय होतंय?"

प्रश्न तिने अचूक विचारला होता. त्या प्रोग्राममधली चूक सम संख्येने आकडे दिले की कधीच दिसत नाही. विषम संख्येने दिले तरी कधी दिसते, कधी नाही. असं का होतं ते समजण्यासाठी आधी हीप सॉर्ट काय करतो ते थोडक्यात बघू.

जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी ही पद्धत १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. एका ओळीत मांडलेले आकडे मनातल्या मनात वंशवृक्षासारखे बघायचे, ही तिची मूळ कल्पना. ओळीतला पहिला आकडा सगळ्यात वर, त्याच्याखाली त्याची दोन मुलं, प्रत्येक मुलाखाली आणखी दोन. नियम एकच: पालक आपल्या मुलांपेक्षा लहान असता कामा नये. हा नियम सगळीकडे पाळला गेला की सर्वांत मोठा आकडा आपोआप शेंड्यावर येतो. अशा रचनेला हीप म्हणतात. शेंड्यावरचा आकडा उचलून ओळीच्या शेवटच्या जागी ठेवायचा, ती जागा कुलूपबंद करायची आणि उरलेल्यांत पुन्हा नियम बसवायचा. असं करत गेलं की ओळ लहानाकडून मोठ्याकडे लागते. नियम बसवण्याचं काम `heapify` नावाचं फंक्शन करतं. एका पालकाजवळ उभं राहून ते त्याची दोन्ही मुलं बघतं, मोठं मूल पालकापेक्षा वरचढ असेल तर दोघांची अदलाबदल करतं आणि खाली उतरत जातं.

या वृक्षाला दोरे नाहीत, फांद्या नाहीत. कोण कुणाचं मूल हे फक्त जागेच्या क्रमांकावरून ठरतं. क्रमांक १ पासून सुरू होत असतील तर हिशेब सुटसुटीत आहे. `i` क्रमांकाच्या पालकाची मुलं `2*i` आणि `2*i + 1` या जागांवर असतात. म्हणजे १ ची मुलं २ आणि ३, २ ची ४ आणि ५. कॉर्मेन आणि त्यांच्या सहलेखकांच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकात हीप याच पद्धतीने मांडलेला आहे.

पायथन, सी किंवा जावा मात्र मोजायला शून्यापासून सुरुवात करतात. आपल्या इमारतींसारखंच आहे हे. तळमजला धरून पाच मजले असले तरी लिफ्टमधलं शेवटचं बटण ४ चं असतं. पुस्तकाच्या जगात पाच आकड्यांतल्या शेवटच्याचा क्रमांकही पाचच असतो. पायथनमध्ये "किती आहेत" याचं उत्तर ५ आणि "शेवटचा कितवा" याचं उत्तर ४. पुस्तकात हे दोन प्रश्न एकाच अक्षरावर, `n` वर, भागतात. अ‍ॅरेमध्ये ते वेगळे होतात, आणि हीप सॉर्टच्या तीन वेगवेगळ्या ओळींना हा फरक कळावा लागतो.

तिचा प्रोग्राम असा होता:

```python
def heapify(a, n, i):
    left, right, big = 2*i, 2*i + 1, i
    if left < n and a[left] > a[big]:
        big = left
    if right < n and a[right] > a[big]:
        big = right
    if big != i:
        a[i], a[big] = a[big], a[i]
        heapify(a, n, big)

def heap_sort(a):
    n = len(a)
    for i in range(n//2 - 1, -1, -1):
        heapify(a, n, i)
    for end in range(n-1, 0, -1):
        a[0], a[end] = a[end], a[0]
        heapify(a, end, 0)
```

मुलांचे क्रमांक पुस्तकातले, म्हणजे एकपासून मोजणारे. बाकी सगळं शून्यापासून मोजणारं. आता शून्य क्रमांकाच्या पालकाकडे बघा. त्याचं डावं मूल `2*0`, म्हणजे तो स्वतःच. उजवं मूल १. पुढे १ ची मुलं २ आणि ३, २ ची ४ आणि ५.

इथे मी कागद-पेन्सिल घेऊन तिला झाड काढायला लावलं, आणि ते झाड बघून आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प झालो. कारण ते झाड मोडकं नव्हतं. शून्याला एकच मूल, १. त्या १ च्या खाली मात्र पुस्तकातला हीप जसाच्या तसा उभा होता. प्रत्येक जागेला एकच पालक, कुणी अनाथ नाही, कुणाला दोन बाप नाहीत. नियम पाळला गेला तर सर्वांत मोठा आकडा शून्य क्रमांकावरच येणार. शून्य स्वतःशी तुलना करतो, पण स्वतःपेक्षा मोठा कुणी नसतो, त्यामुळे त्या तुलनेने काही बिघडत नाही. म्हणजे चुकीच्या क्रमांकांचं हे झाडसुद्धा आकडे लावू शकतं. फार तर एक पायरी जास्त उतरावं लागेल.

मग घोडं अडलं कुठे? सुरुवातीच्या लूपमध्ये. हीप बांधताना ज्यांना मुलं आहेत अशाच जागांवर `heapify` चालवायचं असतं, खालून वर. शून्यापासून मोजणाऱ्या खऱ्या झाडात मुलं असलेली शेवटची जागा `n//2 - 1` असते. पाच आकड्यांना ती १. पण तिच्या झाडात जागा २ लाही मूल आहे: जागा ४, म्हणजे शेवटचा आकडा. लूप १ पासून सुरू होतो, त्यामुळे २ कडे कुणी थेट जातच नाही.

परीक्षकांचे आकडे घेऊन चालू. जागा ० ते ४ वर ४२, ३५, १७, २८, ९१. लूप जागा १ वर येतो. तिथे ३५, मुलं १७ आणि २८. दोन्ही लहान, सगळं ठीक. मग जागा ०. तिथे ४२, मूल ३५. हेही ठीक. हीप बांधून झाला आणि एकही आकडा हलला नाही. ९१ शेवटच्या जागेवर बसून आहे, त्याच्याकडे कुणी पाहिलेलंच नाही. आता दुसरा टप्पा सुरू होतो. शेंड्यावरचा ४२ हा सर्वांत मोठा असं धरून तो शेवटी जातो आणि कुलूपबंद होतो. त्याच्या बदल्यात ९१ शेंड्यावर येतो. पुढच्या फेरीत ९१ जागा ३ वर बंद होतो. उरलेले तिघे व्यवस्थित लागतात. निकाल: १७, २८, ३५, ९१, ४२. परीक्षकांनी पाहिला तोच.

आकडे सहा असतील तर `n//2 - 1` म्हणजे २. लूप जागा २ पासूनच सुरू होतो आणि ४ व ५ दोघांनाही गाठतो. आकड्यांची संख्या सम असली की या चुकीच्या झाडातही मुलं असलेली शेवटची जागा तीच निघते. विषम असली की एक पालक आणि त्याचं एक मूल बाहेर राहतात. तेव्हाही वरून एखादा आकडा घसरत त्या पालकाच्या जागी आला तर तुलना होते आणि चूक झाकली जाते.

असा अर्धामुर्धा प्रोग्राम लिहिला कसा गेला, हे मी तिला विचारलं. तिचं उत्तर ऐकून मला वाईट वाटलं, कारण ती निष्काळजी नव्हती. आधी तिने पुस्तकातलं जवळजवळ जसंच्या तसं उतरवलं होतं. मुलं `2*i` आणि `2*i + 1`, सुरुवात `n//2` पासून, आणि मर्यादेची अट `left <= n`. पुस्तकात ती अट बरोबर आहे, कारण तिथे `n` वा आकडा खरोखर असतो. पायथनमध्ये तो नसतो. पहिल्याच पायरीला `IndexError: list index out of range` आला. तेव्हा तिने दोन बदल केले. `<=` चं `<` केलं आणि सुरुवात एकाने मागे घेतली. तक्रार थांबली, दहा आकडे नीट लागले, आणि तिने जर्नल पूर्ण केलं. तिने नुसतं `=` काढलं असतं आणि सुरुवात `n//2` वरच ठेवली असती तर प्रोग्राम कुठल्याही आकड्यांवर बरोबर चालला असता. मुलांचे क्रमांक तसेच राहूनही.

पायथन निदान ओरडला. सी मध्ये `a[n]` वाचताना कुणी अडवत नाही. अ‍ॅरेच्या शेजारी मेमरीत जे काही पडलेलं असेल ते आकडा समजून वाचलं जातं, आणि ते मोठं निघालं तर अदलाबदलीत आपल्या यादीतही येऊन बसतं. यादीत न दिलेला आकडा दिसला आणि दिलेला एखादा गायब झाला, तर मर्यादेची अट तपासायची.

मर्यादेच्या चुकीचं आणखी एक रूप मला दरवर्षी दिसतं. मुलांचे क्रमांक बरोबर असतात, पण `<=` तसंच ठेवून हीप बांधताना `n` ऐवजी `n-1` पाठवलेला असतो. इथपर्यंत ठीक. दुसऱ्या टप्प्यात मात्र `end` तसाच जातो. मग नुकताच कुलूपबंद केलेला आकडा पुन्हा हीपमध्ये मोजला जातो. ३, १, २ घ्या. ३ शेवटी जातो: २, १, ३. लगेच `heapify` जागा २ कडे बघतं, तिथे ३ दिसतो, आणि तो परत शेंड्यावर येतो: ३, १, २. पुढच्या फेरीत १ आणि ३ ची अदलाबदल होते आणि लगेच उलटते. शेवटी हाती येतं ३, १, २. दिलं तेच. मोठा आकडा सुरुवातीलाच चिकटून राहिलेला दिसला की हीच चूक समजावी.

बरोबर क्रमांक काढायला पाठांतर लागत नाही. शून्यापासूनच्या `i` मध्ये आधी एक मिळवा, म्हणजे पुस्तकातला क्रमांक झाला. त्यावर पुस्तकाचं सूत्र चालवा: `2*(i+1)`. मग एक वजा करून परत या. डावं मूल `2*i + 1`, त्याच्या शेजारचं उजवं `2*i + 2`. पालक `(i-1)//2`. यांच्या जोडीला सुरुवात `n//2 - 1` आणि अट `< n`. तिच्या प्रोग्राममध्ये बदलायची होती ती एकच ओळ:

```python
    left, right, big = 2*i + 1, 2*i + 2, i
```

ती बदलण्याआधी मी तिला जुन्या प्रोग्रामवरच एक चाचणी लिहायला लावली. १ आकड्यापासून ७ आकड्यांपर्यंत, प्रत्येक शक्य क्रम चालवून बघायचा. सगळे मिळून ५,९१३ क्रम होतात, लॅबच्या संगणकाला ते काहीच नाहीत. एक आकडा, दोन आकडे बरोबर आले. तीन आकड्यांच्या अगदी पहिल्या क्रमावर चाचणी थांबली. दिलं होतं १, २, ३. आलं होतं १, ३, २. आधीच लागलेली यादी तिच्या प्रोग्रामने विस्कटली होती. तिने ती ओळ बदलली, चाचणी पुन्हा लावली, आणि ५,९१३ पैकी एकाही क्रमावर ती थांबली नाही.