गोळीचा भाव की कॅल्शियमचा?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आम्ही कॅल्शियमची दोन पाकिटं शेजारी ठेवली. नावाजलेल्या कंपनीच्या १५ गोळ्या १२० रुपयांना, म्हणजे गोळी ८ रुपये. जेनेरिकच्या १० गोळ्या ३० रुपयांना, गोळी ३ रुपये. पाच रुपये वाचले म्हणून आम्ही खूश!

मग मागची बारीक अक्षरं वाचली. महागडीत कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, त्यातून खरं कॅल्शियम मिळतं ५००. स्वस्तीत कार्बोनेट ६२५, म्हणजे कॅल्शियम २५०च. डॉक्टरांनी रोज ५०० सांगितलंय, तर हिच्या दोन गोळ्या लागणार. खर्च ६ रुपये. बचत दोनच रुपयांची, तरी महिन्याला साठ होतात. ड जीवनसत्त्व मात्र दोन्हींत वेगळं असलं, तर डॉक्टरांना विचारूनच गोळी बदलायची. आणि गरोदर बाईनं आधी सरकारी दवाखान्यात विचारावं, तिथं या गोळ्या फुकट मिळतात.