बाजार पुढे सरकतोय की जागीच फिरतोय?

मूव्हिंग अ‍ॅव्हरेजच्या मागे जाऊन पैसे बुडाले असे सांगणारा ट्रेडर आणि त्याच पद्धतीने कमावणारा ट्रेडर, दोघेही बहुधा खरेच सांगत असतात. फरक पद्धतीत नसतो, त्या काळात बाजार कसा होता यात असतो. भाव एका दिशेने निघाला असेल तर त्याच्यासोबत जाणे लाभते. तो वरच्या आणि खालच्या भावांमध्ये अडकला असेल तर खाली घेऊन वर विकणे लाभते. एकीकडची पद्धत दुसरीकडे वापरली की स्टॉपलॉसमागून स्टॉपलॉस उडतो. म्हणून पद्धत निवडण्याआधी बाजार ट्रेंडमध्ये आहे की रेंजमध्ये, हे आकड्यात मोजायला हवे. नुसता चार्ट पाहून ठरवले, तर आपल्या मनात जे असते तेच बहुतेकदा दिसते.

या मोजमापाची दोन साधने मला सर्वांत उपयोगी वाटतात. एक अमेरिकेतल्या पेरी कॉफमन यांचा एफिशियन्सी रेशो. दुसरा ऑस्ट्रेलियातले कमोडिटी ट्रेडर ई. डब्ल्यू. ड्राइस यांचा चॉपिनेस इंडेक्स. चार्टिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दुसरा तयार मिळतो आणि पहिला दोन ओळींत लिहिता येतो.

```
ER = |C(आज) - C(n दिवसांपूर्वी)| / Σ|रोजचा बदल|
CI = 100 × log10( ΣTR / (उच्चांक - नीचांक) ) / log10(n)
```

पहिल्या सूत्रात फक्त बंद भाव लागतात. दहा दिवसांत भाव सुरुवातीपासून किती दूर पोचला, त्याला रोजच्या चढउतारांच्या बेरजेने भागायचे. एकाच दिशेने सरळ गेला तर उत्तर १, फिरून मूळ जागी आला तर ०. दुसऱ्या सूत्रातला TR म्हणजे ट्रू रेंज. ही वेलस वाइल्डर यांनी १९७८ साली मांडलेली कल्पना आहे: दिवसाचा उच्चांक व नीचांक यांतले अंतर, पण काल बंद झालेला भाव त्या पट्ट्याबाहेर असेल तर तोही पट्ट्यात धरायचा, म्हणजे सकाळचा गॅप मोजणीतून सुटत नाही. दहा दिवसांच्या ट्रू रेंजची बेरीज त्या दहा दिवसांतल्या एकूण पट्ट्याच्या किती पट आहे, हे इंडेक्स सांगतो. रोज तोच पट्टा पुन्हा पुन्हा घुसळला गेला तर इंडेक्स १०० कडे जातो. प्रत्येक दिवसाने नवी जागा घेतली तर तो खाली येतो.

समजण्यासाठी ५०० रुपयांचे तीन काल्पनिक शेअर घेऊ. तिघांचीही ट्रू रेंज रोज आठ रुपये, म्हणजे दहा दिवसांत ८०. मी मुद्दाम n दहा धरला आहे, कारण दहाचा लॉग १ असल्याने इंडेक्सचा भागाकार सोपा होतो. सॉफ्टवेअरमध्ये इंडेक्ससाठी सहसा १४ दिवस असतात.

पहिला शेअर अधूनमधून दोन-तीन रुपये मागे येत ५३६ वर पोचला. रोजच्या बदलांची बेरीज ५४, प्रत्यक्ष वाढ ३६, म्हणून रेशो ०.६७. पट्टा ४९८ ते ५३८, म्हणजे ४० रुपये. ८० भागिले ४० म्हणजे २, आणि इंडेक्स ३०.

दुसरा शेअर ४९३ आणि ५११ यांच्यामध्ये डोलत राहिला आणि ५०२ वर बंद झाला. बदलांची बेरीज ६०, वाढ फक्त २, रेशो ०.०३. पट्टा १८ रुपयांचा, म्हणून इंडेक्स ६५. ड्राइस यांच्या इंडेक्सला ६१.८ च्या वर रेंज आणि ३८.२ च्या खाली ट्रेंड समजण्याची प्रथा आहे. हे आकडे फिबोनाचीच्या प्रमाणांवरून आले आहेत. त्यांमागे बाजाराचा कोणताही नियम नाही, पण सीमा कुठेतरी आखावीच लागते.

तिसऱ्या शेअरमुळे दोन्ही साधने शेजारी ठेवण्याचे कारण कळते. तो पाच दिवस चढून ५३० वर बंद झाला आणि पुढच्या पाच दिवसांत घसरत ५०२ वर आला. बदलांची बेरीज ५८, निव्वळ वाढ २. रेशो पुन्हा ०.०३, अगदी दुसऱ्या शेअरइतकाच. पण पट्टा ४९८ ते ५३३, म्हणजे ३५ रुपयांचा, आणि इंडेक्स ३६. रेशो म्हणतो रेंज, इंडेक्स म्हणतो ट्रेंड. खरे तर एक चाल होऊन ती उलटली आहे. फक्त रेशो पाहणारा येथे रेंजची पद्धत लावेल, ५११ ला ‘वरची कड’ समजून विकेल आणि भाव ५३० कडे निघालेला पाहील.

हे फक्त कागदावर घडत नाही. ३ जून २०२४ ला, एक्झिट पोलनंतर, निफ्टी सुमारे २३,२६४ वर बंद झाला. मतमोजणीच्या दिवशी तो २१,८८५ च्या आसपास कोसळला, मग २२,६२०, २२,८२१ असा सावरत ७ जूनला २३,२९० वर आला. चार दिवसांत २,७८५ अंकांची ये-जा झाली आणि निव्वळ फरक फक्त २६ अंकांचा राहिला. रेशो ०.०१! त्या आठवड्याला शांत रेंज कोणीही म्हणणार नाही. दोन्ही आकडे ट्रेंड दाखवत असतील तेव्हा ब्रेकआउट आणि ट्रेलिंग स्टॉपलॉस वापरावा. दोन्ही रेंज दाखवत असतील तेव्हा कडांवर व्यवहार करावा आणि स्टॉपलॉस पट्ट्याच्या बाहेर ठेवावा. दोघांचे पटत नसेल तेव्हा मी हात राखून बसणे पसंत करतो.

नवखे बहुधा ‘किती म्हणजे कमी’ यात फसतात. रेशो ०.२५ आला की बाजार अगदीच दिशाहीन आहे, असे वाटते. पण नाणे दहा वेळा उडवा, छापा आला की एक पाऊल पुढे आणि काटा आला की एक मागे टाका, आणि हा खेळ पुष्कळदा खेळा. रेशोची सरासरी जवळजवळ ०.२५ निघते. बाजारातली पावले लहानमोठी असतात, त्यामुळे तिथे ती ०.३ च्या आसपास जाते. म्हणजे ०.२५ हा निव्वळ योगायोगाचा आकडा झाला आणि खऱ्या रेंजमध्ये रेशो त्याच्याही बराच खाली असायला हवा. खिडकी वाढवली की हा पायाही घसरतो: वीस वेळा नाणे उडवले तर सरासरी ०.१८ होते. म्हणून दहा दिवसांचा रेशो वीस दिवसांच्या रेशोशी ताडून पाहू नये. चॉपिनेस इंडेक्समध्ये लॉगने भागल्यामुळे ही अडचण बरीचशी सुटते. दिशाहीन हालचालीत तो कोणत्याही n ला साधारण ५० च्या आसपास राहतो, म्हणून ५० ते ५५ मधला इंडेक्स रेंजची ग्वाही देत नाही.

त्याच नाण्याच्या खेळात दर नऊ-दहा खेपांपैकी एका खेपेला रेशो ०.६ किंवा त्याहून वर येतो. पन्नास शेअर चाळून सर्वांत जास्त रेशो असलेले पाच निवडले, तर त्यांतले काही निव्वळ नशिबाने वर आलेले असू शकतात. म्हणून दहा दिवसांच्या वाचनाला त्याच शेअरच्या तीस किंवा चाळीस दिवसांच्या वाचनाचा आधार आहे का ते पाहावे. दोन्हींकडे आकडा त्या त्या पायाच्या वर असेल तरच ट्रेंड धरावा.

दोन्ही साधने मागे पाहतात, आणि त्यातून एक चमत्कारिक चूक घडते. एखाद्या निकालामुळे भाव एका दिवसात आठ टक्के उडाला, तर पुढचे नऊ दिवस तो दिवस खिडकीत राहतो आणि रेशो फुगलेला दिसतो. मग तो दिवस खिडकीबाहेर पडतो आणि आज काहीच घडलेले नसताना रेशो धाडकन कोसळतो. आकड्याने अशी उडी घेतली की आज काय झाले हे पाहण्याआधी दहा दिवसांपूर्वी काय झाले ते तपासावे.

उलट बाजूने इंडेक्स बरेच दिवस ६५ च्या वर राहिला, तर रेंजवाल्यांना ती जागा सुरक्षित वाटते. पण पट्टा आवळत गेला की ब्रेकआउट जवळ येत असतो. तो कोणत्या बाजूने येईल हे यांपैकी कोणतेच साधन सांगत नाही, कारण दोन्ही सूत्रांत चढ आणि उतार सारखेच मोजले जातात. दिशा भावाच्या पट्ट्यावरूनच वाचावी लागते: बंद भाव पट्ट्याच्या वर गेला आणि त्याच वेळी इंडेक्स ५० च्या खाली उतरू लागला, तर कडेवर विक्री करणाऱ्याने ती थांबवावी.