हायड्रोजन कोसळत का नाही?

इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर का कोसळत नाही, याचं उत्तर हायझेनबर्गच्या 1927च्या अनिश्चितता तत्त्वात आहे. इलेक्ट्रॉनला r एवढ्या जागेत कोंडलं, की त्याचा संवेग साधारण ħ/r होतो. 1 अँगस्ट्रॉमवर गतिज ऊर्जा 3.8 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि आकर्षणाची उणे 14.4, बेरीज उणे 10.6. अंतर निम्मं केलं, तर आकर्षण दुप्पट होतं, पण गतिज ऊर्जा चौपट. बेरीज उणे 13.6. आणखी निम्मं केलं, की बेरीज चक्क धन होते. म्हणजे तळ अर्ध्या अँगस्ट्रॉमपाशीच आहे.

प्रयोगातही 13.6च मिळतात, पण त्यावर हुरळून जाऊ नये. ħ/r ऐवजी तत्त्वाची किमान मर्यादा ħ/2r घेतली, तर त्रिज्या पावपट होते आणि ऊर्जा उणे 54. आकडा तंतोतंत जुळला तो आपल्या निवडीमुळे. तत्त्व हमी देतं ती फक्त अंदाजाच्या पट्टीची.