‘त्यांना काय कळतंय कांचळी!’

पुसद-दिग्रस पट्ट्यातल्या बंजारा तांड्यांवरच्या बायकांनी शिवलेल्या वस्तूंची इंग्रजी वर्णनं मी ऑनलाइन दुकानासाठी लिहिते. या कामात एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडलं तरी कपाळावर आठी येते. बचत गटाची बैठक असो, प्रशिक्षणाचा वर्ग असो की विक्रीत मदत करणारा एखादा भाचा असो, सगळ्यांचा सल्ला तोच: “त्यांना काय कळतंय कांचळी! सरळ ब्लाउज लिहा.”

एकदा लिहिलं तसं. फोटो समोरून काढलेला, छातीवर आरसे, कवड्या, लाल-पिवळा टाका, आणि नाव दिलं ‘आरशांचं भरतकाम केलेला ब्लाउज, साइझ एम’. अमेरिकेतल्या एका बाईंनी घेतला आणि आठवड्याभरात परतीची विनंती केली. तक्रार एका ओळीची होती: याला पाठ कुठे आहे?

पाठ नव्हतीच. कांचळीला ती नसते. समोरचा भाग पोटापर्यंत येतो, बाह्या असतात, आणि मागे नाड्या बांधायच्या. तांड्यावरच्या पोरीला हे सांगावं लागत नाही. पण ‘ब्लाउज’ वाचणाऱ्या परदेशी बाईच्या डोळ्यांसमोर चारी बाजूंनी बंद, बटणांचा, ऑफिसला घालायचा कपडा येतो. शब्द तिला अगदी नीट कळला होता, वस्तू मात्र दुसरीच आली. येण्याजाण्याचा टपालखर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त झाला आणि तो आम्ही सोसला.

म्हणजे अडचण अनोळखी शब्दाची नव्हती, ओळखीच्या शब्दाची होती. अनोळखी शब्द दिसला की गिऱ्हाईक थांबतं, पुढची ओळ वाचतं. ओळखीचा शब्द दिसला की ते वाचणंच थांबवतं, कारण त्याला वाटतं आपल्याला कळलं.

आणि आपले शब्द परदेशी माणसाला पेलत नाहीत, हे कुणी ठरवलं? इंग्रजीतला ‘बँडाना’ आपल्या बांधण्यातून गेलाय, ‘चिंट्झ’ आपल्या छिटातून, ‘पायजमा’ आणि ‘शाल’ तर जसेच्या तसे गेलेत. कुठलाही मोठा इंग्रजी शब्दकोश उघडा, व्युत्पत्तीच्या रकान्यात हे लिहिलेलं असतं. त्या शब्दांसोबत वस्तू गेली, वापर गेला, म्हणून ते टिकले.

मग लिहायचं कसं? आम्ही ती कांचळी पुन्हा दुकानात लावली तेव्हा असं केलं. शीर्षकात आधी गिऱ्हाईक जे शोधतं ते, म्हणजे पाठ उघडी असलेला, आरशांच्या कामाचा टॉप, आणि लगेच नाव: Kanchali. एट्सीवर शीर्षकाला १४० अक्षरं मिळतात, त्यात दोन्ही आरामात बसतं. वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात सांगितलं की कांचळी म्हणजे बंजारा बायकांची, मागे नाड्यांनी बांधायची चोळी. हा अर्थ एकदाच द्यायचा. पुढे नुसतं कांचळी म्हणायचं, वाचणारा विसरत नाही.

त्यानंतर मापं. ‘एम’ काढून टाकलं, कारण नाड्यांच्या कपड्याला त्याचा काही अर्थ नाही. कांचळी सपाट पसरून टेप लावली: समोरची रुंदी १८ इंच म्हणजे ४६ सेंटिमीटर, उंची २० इंच म्हणजे ५१. बाहीचा घेर वेगळा दिला, कारण नाड्या सैल करता येतात, बाही येत नाही. आरसे काचेचे आहेत, कपडा हाती घेतला की जड लागतो, मशिनमध्ये धुवायचा नाही, लाल रंग पहिल्या धुण्यात सुटतो, हेही लिहिलं. आणि पाठीचा फोटो दुसऱ्याच क्रमांकावर टाकला. त्यानंतरच्या गिऱ्हाइकांनी घ्यायच्या आधी प्रश्न विचारले, घेतल्यावर नाही.

स्पेलिंग एकच ठरवायचं. कुणी Kanchli लिहितं, कुणी Kachali. आम्ही Kanchali धरलं आणि बाकीची टॅगमध्ये टाकली. तेरा टॅग मिळतात, त्यातले दोन यावर गेले तर काही बिघडत नाही. कापडं जमवणारे संग्राहक आणि परदेशी राहणारी आपली माणसं शोधताना वस्तूचं नावच टाकतात.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. त्यांना सगळेच शब्द ठेवायचे असतात. फेटिया, कांचळी, टुकरी, कवडी, तांडा, गोरमाटी, सगळं एकाच वाक्यात. ते वाचून मलाच धाप लागते. विकायला कांचळी आहे ना, मग नाव कांचळीचं. फेटिया म्हणजे घागरा, तो विकाल तेव्हा त्याचं सांगा. कवडीला इंग्रजीत चांगला रुळलेला शब्द आहे, तो वापरा. ज्या शब्दाला तिकडे नेमका जोडीदार आहे तो बदलावा, ज्याला नाही तो ठेवावा, एवढाच माझा नियम.

‘थोडा अर्थ घाला, गोष्ट विकते’ हाही एक लाडका समज. प्रत्येक आरसा दृष्ट काढतो, प्रत्येक रंगाला गूढ अर्थ आहे, वगैरे. मी एका याडीला विचारलं, आरसे कशाला लावता? सुईतून मान वर न काढता ती म्हणाली, “चमकते म्हून लावतो बाई, दुसरं काय?” ते मी लिहिलं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘जर्मन सिल्व्हर म्हणजे हलकी चांदी’: त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. दागिन्याच्या वर्णनात नुसतं ‘सिल्व्हर’ लिहिणं ही फसवणूक आहे. शिवाय निकेलची अनेकांना ॲलर्जी असते, म्हणून युरोपीय संघाच्या ‘रीच’ नियमांत अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूतून चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटलेलं चालत नाही. ‘आर्ट सिल्क म्हणजे कलात्मक रेशीम’: इथे आर्ट म्हणजे आर्टिफिशियल, रेशीम नाहीच.

‘हाताने भरलं म्हणजे हातमागाचं’: भरतकाम हाताचं असतं, खालचं कापड बहुधा गिरणीचं. ते सुती आहे का, हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका. कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून पेटवा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला टणक मणी होतो. दोन्ही दिसलं तर मिश्रण आहे, तसं लिहा.

‘बंजारा म्हणजे जिप्सी’: युरोपातले अनेक रोमा लोक हा शब्द शिवीसारखा ऐकतात आणि बंजारा ते नव्हेत. ‘ट्रायबल’ही डोळे झाकून लिहू नका. हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत येतो, तेलंगणात अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत. बंजारा लिहा, यवतमाळ जिल्हा लिहा, पुरे. आणि खप वाढेल म्हणून ‘सांडूर लंबाणी’ हे नाव तर मुळीच लावू नका. त्या भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे आणि ते कर्नाटकातल्या सांडूरच्या कामाचं आहे, पुसदच्या नव्हे.

ज्यांच्या दुकानात अजून ‘ब्लाउज, साइझ एम’ लटकतोय, त्यांनी बाकी काही नाही तरी आज एवढं करावं: कांचळी उलटी पसरून पाठीचा एक फोटो काढावा आणि त्याखाली लिहावं की मागून उघडी आहे, नाड्यांनी बांधायची.