एकच तपासणी, तीन खाती

दर बॅचला पहिल्या तासाला मी फळ्यावर एक प्रश्न लिहितो. वर्गात डिप्लोमा करून नोकरीला लागलेली मुलं असतात, कॉस्टिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली असतात, आणि वीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढून आता प्रमाणपत्रासाठी बसलेले एखाद-दोन सुपरवायझरही असतात. प्रश्न असा:

शेवटच्या तपासणीत नापास झालेले जॉब दुरुस्त केले आणि ते पुन्हा तपासले. या दुसऱ्या तपासणीचा खर्च कोणता?
अ) प्रतिबंधाचा खर्च
ब) तपासणीचा खर्च
क) अंतर्गत अपयशाचा खर्च
ड) बाह्य अपयशाचा खर्च

बहुतेक हात ‘ब’ला वर जातात. तपासणी म्हणजे तपासणीचा खर्च, असा साधा हिशोब त्यामागे असतो. उत्तर मात्र ‘क’ आहे. ते का, हे एकदा नीट कळलं की या विषयावरचे निम्म्याहून जास्त प्रश्न पाठांतराशिवाय सुटतात.

ही वर्गवारी आर्मंड फायगेनबॉम यांची. ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीत गुणवत्तेचं काम पाहत होते. 1956 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या लेखात त्यांनी गुणवत्तेवरचा पैसा तीन खात्यांत मांडला. चूक होऊच नये म्हणून केलेला खर्च हा प्रतिबंधाचा. झालेलं काम बरोबर आहे की नाही हे पाहण्याचा खर्च हा तपासणीचा. आणि चूक झाल्यामुळे जो भुर्दंड पडतो, तो अपयशाचा. अपयशाचे पुढे दोन भाग पडतात. माल ग्राहकाकडे जाण्याआधी चूक सापडली तर ते अंतर्गत, गेल्यावर सापडली तर बाह्य. परीक्षेत हेच शब्द प्रिव्हेन्शन, अप्रेझल आणि फेल्युअर म्हणून येतात.

व्याख्या एवढ्याच आहेत आणि त्या सगळ्यांना पाठ असतात. चूक होते ती कामाच्या नावावरून खातं ठरवल्यामुळे. ‘तपासणी’, ‘ट्रेनिंग’, ‘दुरुस्ती’ ही कामांची नावं आहेत, आणि खातं नावावर ठरत नाही. त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा: सगळे जॉब पहिल्याच वेळी बरोबर झाले असते, तर हा रुपया खर्च झाला असता का? पहिली तपासणी तरीही झाली असती, कारण माल बरोबर आहे हे बघितल्याशिवाय कळणार कसं? म्हणून ती तपासणीच्या खात्यात. दुसरी तपासणी झालीच नसती. ती करावी लागली ती फक्त चुकीमुळे, म्हणून ती अपयशाच्या खात्यात. काम तेच, माणूस तोच, हातातलं गेजही तेच, फक्त कारण वेगळं.

हे आकड्यांत पाहू. आकडे मी शिकवण्यासाठी धरलेले आहेत, पण प्रसंग भोसरी-चाकण पट्ट्यात काम केलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. एका छोट्या शॉपमध्ये सीएनसी लेथवर पोलादी बुश तयार होतो. ड्रॉइंगप्रमाणे बोअर 25.00 ते 25.02 मिलिमीटरमध्ये हवा. लॉट 500 नगांचा. बोअर करणारा इन्सर्ट जसजसा झिजतो, तसा तो धातू कमी काढतो आणि बोअर हळूहळू लहान होत जातो. ऑपरेटरला हे कळतं तेव्हा तो मशीनला ऑफसेट देतो. कधी तो थोडा जास्त दिला जातो आणि पुढचे चार-पाच जॉब मोठ्या बोअरचे होतात. लहान बोअर पुन्हा मशीनवर लावून मोठा करता येतो. मोठा झालेला बोअर लहान करता येत नाही, तो जॉब भंगारात जातो.

समजा, पूर्ण लॉट तपासला आणि 40 जॉब लहान, 5 मोठे निघाले. पाचशे जॉब बोअर गेजने पाहायला नगाला 2 रुपये धरले, तर 1,000 रुपये झाले. हा तपासणीचा खर्च. चाळीस जॉब पुन्हा मशीनवर लावायला नगाला 12 रुपये, म्हणजे 480. ते पुन्हा पाहायला 80. भंगारातल्या जॉबवर तोपर्यंत नगाला 60 रुपये खर्च झाले होते आणि भंगारवाला 8 रुपये देतो, म्हणजे नुकसान 52 रुपयांचं, पाच नगांचं 260. हे सगळं मिळून 820 रुपये अंतर्गत अपयश. परीक्षेत भंगाराचा प्रश्न आला की भंगाराची किंमत वजा करायला मुलं विसरतात, तेवढं लक्षात ठेवावं.

आता दुसरी शक्यता. महिनाअखेर आहे, गाडी दारात उभी आहे, आणि लॉट न तपासताच डिस्पॅच झाला. 1,000 रुपये वाचले. पण ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर शाफ्ट बुशमध्ये शिरेना. फोन आला. दोन माणसं तीन दिवस तिथे बसून सगळा माल निवडत राहिली. रोजचे 800 धरले तर त्यांचे 4,800. टेंपोच्या फेऱ्या 3,000. लाइन थांबल्याबद्दल ग्राहकाने 10,000 रुपयांची डेबिट नोट पाठवली. परत आलेले 40 जॉब दुरुस्त करायला तेच 480 आणि भंगाराचे तेच 260. एकूण 18,540 रुपये.

या हिशोबातल्या 480 रुपयांकडे बघा. दुरुस्ती तीच, मशीन तेच, रक्कमही तीच. पहिल्या वेळी ती अंतर्गत अपयशात होती, आता ती बाह्य अपयशात गेली, कारण चूक ग्राहकाच्या दारात सापडली. ‘रिवर्क म्हणजे नेहमी अंतर्गत’ असं पाठ करून आलेला विद्यार्थी इथे अडकतो. ग्राहकाकडे बसून माल निवडणाऱ्या त्या दोन माणसांचंही तसंच. ते तपासणीच करत होते, पण तो तिसऱ्या प्रकारचा खर्च झाला.

तिसरी शक्यता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इन्सर्टची कड झिजून आकार बिघडेपर्यंत वापरायची नाही, दर 100 जॉबला बदलायची, असं ठरवलं. लॉटला आधी दोन कडा लागत होत्या, आता पाच लागतील. कडेला 150 रुपये धरले तर तीन जादा कडांचे 450. हा प्रतिबंधाचा खर्च. बोअर स्थिर राहायला लागल्यावर दर दहावा जॉब तपासला तरी चालतं, त्याचे 100. एकूण 550, आणि पहिल्या प्रसंगातले तपासणी व अपयश मिळून होते 1,820. मर्यादाही सांगायला हवी. झीज हळूहळू होते, म्हणून दर दहावा जॉब तिला पकडतो. चकमध्ये चिप अडकून मध्येच एखादा जॉब तिरका लागला, तर तो असा नमुना पाहून सापडेलच असं नाही. त्यासाठी चकच्या बैठकीवर हवा मारण्याची सोय वेगळी करावी लागते, आणि तिचा खर्चही प्रतिबंधात जातो.

अवघड प्रश्न बहुधा सीमेवरून येतात. एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं, “सर, मशीन शॉपची चूक आमच्याच कंपनीच्या असेंब्ली शॉपमध्ये सापडली, तर? असेंब्ली आमची ग्राहकच ना?” ट्रेनिंगमध्ये ‘पुढची प्रोसेस हाच तुमचा ग्राहक’ असं सांगतात, आणि ते कामाच्या शिस्तीसाठी बरोबर आहे. पण खर्चाच्या वर्गवारीत सीमा कंपनीच्या गेटवर आहे. माल गेटच्या आत आहे तोवर अपयश अंतर्गतच.

किमतीतली सूटही अशीच फसवते. रंगाचा डाग पडलेला पंखा कारखान्यातूनच ‘सेकंड्स’ म्हणून कमी भावात विकला, तर बुडालेली रक्कम अंतर्गत अपयश, कारण दोष आत सापडला होता. तोच पंखा चांगला म्हणून विकला आणि ग्राहकाने तक्रार केल्यावर सूट दिली, तर ते बाह्य अपयश. वेंडरच्या बाबतीत, माल घेण्याआधी त्याच्याकडे जाऊन त्याची क्षमता पाहणं हा प्रतिबंध आणि त्याने पाठवलेला माल इनवर्डला पाहणं ही तपासणी. कारखान्याबाहेरही हेच लागू पडतं. छापखान्यात मुद्रितं वाचणं ही तपासणी, लेखननियमांची पुस्तिका तयार करून ऑपरेटरांना शिकवणं हा प्रतिबंध, आणि छापलेला फॉर्म पुन्हा छापणं हे अपयश.

ऑडिटबद्दल मात्र पुस्तकांत एकमत नाही. काही जण पूर्ण गुणवत्ता व्यवस्थेचं ऑडिट प्रतिबंधात धरतात, काही ऑडिट सरसकट तपासणीत टाकतात. तयार मालाचं ऑडिट तपासणीत जातं, यावर फारसा वाद नाही. परीक्षा देणाऱ्याने आपल्या अभ्यासक्रमाचं पुस्तक काय म्हणतं ते पाहून ठेवावं. कंपनीत हिशोब ठेवणाऱ्याने एक पद्धत ठरवावी आणि ती दरवर्षी बदलू नये, नाहीतर मागच्या वर्षाशी तुलनाच होणार नाही.

या हिशोबाची एक मोठी उणीवही मी वर्गात सांगतो. 10,000 रुपयांची डेबिट नोट वहीत दिसते. पण पुढच्या वर्षी त्या ग्राहकाने निम्मी ऑर्डर दुसऱ्या वेंडरला दिली, तर ते नुकसान कुठल्याच व्हाउचरवर येत नाही. बहुपर्यायी प्रश्नात ‘गेलेली विक्री’ आली की उत्तर बाह्य अपयश, हे पक्कं. प्रत्यक्ष वहीत मात्र त्या ओळीत बहुतेक ठिकाणी शून्यच असतं, आणि ते शून्य बघून मालक तपासणीचा माणूस कमी करतो. मी स्वतः नोकरीत असताना हे एकदा डोळ्यांसमोर होताना पाहिलं आहे. त्याची खंत अजून आहे, कारण तो तक्ता मीच भरून दिला होता आणि त्या रिकाम्या ओळीबद्दल एक शब्दही लिहिला नव्हता.

शेवटचा तास मी पुन्हा त्या बोअर गेजवर आणतो. गेज वर्षातून एकदा कॅलिब्रेशनला जातं. समजा या वेळी ते 10 मायक्रॉनने चुकीचं निघालं. मग गेल्या कॅलिब्रेशनपासून त्याने पास केलेल्या मालावर शंका येते. गोडाउनमधला माल पुन्हा पाहावा लागतो. गेलेल्या मालाबद्दल ग्राहकाला कळवून तिथे माणसं पाठवावी लागतात. गेज का बिघडलं हे शोधताना कळतं की रात्रपाळीत ते मशीनवरच ठेवलं जायचं आणि दोनदा खाली पडलं होतं. म्हणून त्याला पेटी केली जाते आणि दर पाळीच्या सुरुवातीला ते सेटिंग रिंगवर पाहायचं ठरतं.

मग मी मुलांना खडू देतो आणि प्रत्येक खर्चासमोर खातं लिहायला सांगतो. कॅलिब्रेशनची फी: तपासणी. गोडाउनमधली फेरतपासणी: अंतर्गत अपयश. ग्राहकाकडची माणसं: बाह्य अपयश. पेटी: प्रतिबंध. दर पाळीला रिंगवर गेज पाहण्यापाशी खडू थांबतो. अर्धा वर्ग म्हणतो प्रतिबंध, कारण ते चूक घडू नये म्हणून ठरवलं. अर्धा म्हणतो तपासणी, कारण तेही कॅलिब्रेशनच, फक्त रोजचं आणि छोटं. मोजमापाची साधनं नीट ठेवण्याचा खर्च तपासणीत धरायची रीत आहे, म्हणून उत्तर तपासणी. पण गेल्या बॅचमध्ये मागच्या बाकावरच्या सुपरवायझरने हात वर केला आणि विचारलं, “सर, आणि आता रिंगवर गेज चुकीचं दिसलं, तर मागच्या पाळीचा माल?” तो उठून फळ्यापाशी आला आणि ‘अंतर्गत अपयश’ या शब्दांखाली त्याने लिहिलं: फक्त एका पाळीचा.