शाखेची नोंद शाखेपुरती

बारा शाखांची एक सहकारी पतसंस्था डोळ्यांसमोर आणा. सगळा व्यवहार वहीवर चालत होता, तेव्हा प्रत्येक शाखेची कर्जखतावणी त्या त्या शाखेच्या कपाटात असे. एका शाखेच्या व्यवस्थापकाने दुसऱ्या शाखेच्या थकबाकीदारांची नावे पाहू नयेत, असा नियम वेगळा लिहायची गरज नव्हती. अंतर आणि कुलूप ते काम करत होते. संगणकीकरणानंतर बाराही शाखांची कर्जखाती एकाच डेटाबेसच्या एकाच तक्त्यात येऊन बसली. मुख्य कार्यालयाची त्यामुळे सोय झाली, पण शाखांमधल्या भिंती गेल्या. त्यांच्या जागी उरला तो प्रत्येक ओळीतला शाखेचा क्रमांक. हा क्रमांक नुसती माहिती आहे. सातव्या शाखेच्या व्यवस्थापकाला सातचीच खाती दिसावीत, यासाठी तो क्रमांक प्रत्येक वेळी कुणीतरी तपासायला हवा. हे काम डेटाबेसने स्वतः करावे, त्यावर उभारलेल्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नये, असे या लेखाचे म्हणणे आहे.

रूढ पद्धत अशी, की प्रोग्रामर प्रत्येक क्वेरीला ‘शाखा क्रमांक सात असेल तरच’ अशी अट जोडतो. थकबाकीची यादी, व्याजाचा अहवाल, नावाने शोध, एक्सेलमध्ये उतरवून घेण्याची सोय अशा प्रत्येक ठिकाणी ती अट पुन्हा लिहावी लागते. काळजीपूर्वक काम केले तर काय बिघडते, असे कुणी विचारील. अडचण अशी, की विसरलेली अट कुठेही बोंब मारत नाही. क्वेरी बिनचूक चालते, चूक दाखवणारा संदेश येत नाही आणि चाचणीसाठी एकाच शाखेची खाती भरलेली असतील, तर उत्तरही बरोबर दिसते. वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ या संस्थेने 2021 साली सर्वांत गंभीर धोक्यांची यादी केली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर ‘कोणाला काय पाहता येईल यावरचे ढिले नियंत्रण’ हाच दोष होता. साध्या विसराळूपणातून येणारा दोष इतका पसरलेला असेल, तर आणखी काळजी घ्या एवढे सांगून भागत नाही. अट विसरणेच शक्य होणार नाही, अशी रचना करावी लागते.

ती रचना म्हणजे ‘रो लेव्हल सिक्युरिटी’, अर्थात ओळनिहाय सुरक्षा. ओरॅकलमध्ये ही कल्पना गेल्या शतकाच्या अखेरीस वेगळ्या नावाने आली, आणि 2016 साली पोस्टग्रेसची 9.5 ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर या दोन्हींत ती उपलब्ध झाली. पोस्टग्रेस फुकट मिळतो आणि छोट्या संस्थांच्या आवाक्यातला आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. कर्जखात्यांच्या तक्त्याला `karja` म्हणू. त्यावर नियम बसवायला तीन विधाने पुरतात:

```sql
ALTER TABLE karja ENABLE ROW LEVEL SECURITY;
ALTER TABLE karja FORCE ROW LEVEL SECURITY;

CREATE POLICY shakha_niyam ON karja
  USING (shakha_id =
    NULLIF(current_setting('app.shakha_id', true), '')::int);
```

पहिले विधान तक्त्यावर पहारा बसवते. एवढेच करून थांबलो आणि नियम लिहिलाच नाही, तर सामान्य वापरकर्त्याला एकही ओळ दिसत नाही, म्हणजे चूक झालीच तर ती बंद दाराच्या बाजूने होते. तिसरे विधान सांगते, की ओळीतला शाखा क्रमांक आणि सध्याच्या जोडणीवर नोंदलेला शाखा क्रमांक जुळला तरच ओळ दाखवा. आता तक्त्यात 9000 कर्जखाती आहेत आणि त्यांतली 640 सातव्या शाखेची आहेत असे धरू. सातच्या व्यवस्थापकासाठी `SELECT count(*) FROM karja` चालवले, की उत्तर 640 येते, 9000 नाही. येणे बाकीची बेरीज तेवढ्याच ओळींची होते. तिसऱ्या शाखेचे खाते क्रमांकाने मागितले, तर ‘परवानगी नाही’ असेही उत्तर येत नाही. असे खातेच नाही, इतकेच दिसते. व्याजदर बदलताना कुणी अट घालायला विसरला, तरी बदल 640 ओळींतच होतो. पोस्टग्रेस हाच नियम नव्या आणि बदललेल्या ओळींनाही लावतो. सातच्या व्यवस्थापकाने एखादे बुडीत खाते गुपचूप तीनच्या नावे करायचा प्रयत्न केला, तर ते विधान नाकारले जाते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र पाहण्याची चाळणी आणि लिहिण्याची अटकाव-अट वेगवेगळ्या लिहाव्या लागतात. तिथे पहिलीच लिहून थांबलेल्याला आपण निम्मेच काम केले आहे हे सहज कळत नाही.

नियम एका विधानात मावला, पण एक प्रश्न उरतो: चालू विनंती सातव्या शाखेची आहे, हे डेटाबेसला कोण सांगणार? वेब सॉफ्टवेअर प्रत्येक व्यवस्थापकासाठी डेटाबेसशी वेगळी जोडणी उघडत नाही. काही जोडण्या उघडून ठेवलेल्या असतात आणि येणारी प्रत्येक विनंती त्यांतली जी मोकळी असेल ती घेते. सातच्या विनंतीने जोडणीवर सात हा क्रमांक लिहिला आणि तो तसाच राहिला, तर त्याच जोडणीवर पुढे आलेल्या तीनच्या व्यवस्थापकाला सातची खाती दिसतील. हा दोष एकट्याने चाचणी घेताना सापडत नाही. सकाळी दहाला सगळ्या शाखा एकदम कामाला लागतात तेव्हा तो उमटतो आणि पुन्हा करून दाखवायला गेले की दिसेनासा होतो. म्हणून क्रमांक एका व्यवहारापुरताच लिहायचा:

```sql
BEGIN;
SET LOCAL app.shakha_id = '7';
SELECT * FROM karja WHERE thakbaki > 0;
COMMIT;
```

`SET LOCAL` ने लिहिलेले मूल्य `COMMIT` होताच पुसले जाते. त्यानंतर त्या जोडणीवर बहुधा रिकामा मजकूर उरतो, आणि रिकाम्या मजकुराचा पूर्णांक करायला गेले की डेटाबेस चूक दाखवतो. वरच्या नियमात `NULLIF` आहे ते यासाठीच. क्रमांक लिहायचा राहिला, तर तुलना कशाशीच जुळत नाही आणि शून्य ओळी मिळतात. रिकामी यादी पाहून व्यवस्थापक दहा मिनिटांत फोन करतो. दुसऱ्या शाखेची यादी दिसली तर करीलच असे नाही.

दुसरी फसगत नियमातून सूट असलेल्यांची. पोस्टग्रेसमध्ये तक्त्याच्या मालकाला हा नियम आपोआप लागू होत नाही. अनेक ठिकाणी सॉफ्टवेअर ज्या खात्याने तक्ते तयार करते, त्याच खात्याने रोजचे कामही करते. अशा वेळी नियम लिहिलेला असतो, यादीत दिसतो आणि कुणालाच अडवत नाही. वरचे `FORCE` असलेले विधान मालकालाही नियमात आणते. सुपरयूझर आणि `BYPASSRLS` हा अधिकार असलेली खाती मात्र त्यानंतरही मोकळीच राहतात. तीच गत व्ह्यूची. मुख्य कार्यालयाच्या अहवालासाठी कुणी व्ह्यू बनवला, तर खालच्या तक्त्याचा नियम व्ह्यूच्या मालकाला धरून लागतो, पाहणाऱ्याला धरून नाही. मालक सूट असलेला असेल, तर व्ह्यू वाचणाऱ्या प्रत्येकाला 9000 ओळी दिसतात. आवृत्ती 15 पासून `security_invoker` हा पर्याय देऊन हे टाळता येते. म्हणून चाचणी सॉफ्टवेअर प्रत्यक्षात वापरते त्याच खात्याने घ्यावी. दोन शाखांच्या ओळी भराव्यात, एका शाखेचा क्रमांक लावून मोजावे, मग दुसरीचा, मग काहीच न लावता. तिसऱ्या मोजणीत शून्याखेरीज काहीही आले, तर पहारा झोपला आहे.

यावर पहिला आक्षेप वेगाचा असतो. प्रत्येक ओळ तपासायची म्हटल्यावर काम मंदावेल असे वाटते, पण शाखा क्रमांकावर निर्देशांक असेल तर डेटाबेस थेट त्या 640 ओळींवर जातो. खरी किंमत निराळीच आहे. वापरकर्त्याची एखादी शोधअट आडवाटेने झाकलेल्या ओळींचा सुगावा देईल अशी शंका असली, तर पोस्टग्रेस आधी नियम लावतो आणि मग ती अट. नावात अमुक अक्षरे शोधणारी अट यातच मोडते, म्हणून नावावरच्या निर्देशांकाचा तिला उपयोग होत नाही. एका शाखेच्या शे-हजार ओळींत हे जाणवत नाही. काही लाख ओळींत जाणवेल, आणि तेव्हा मोजूनच ठरवावे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पतसंस्थेचे काम शाखेच्या भिंतीत मावत नाही. सातव्या शाखेत कर्ज मागायला आलेला सभासद तिसऱ्या शाखेत कुणाला जामीन असू शकतो. ते दिसले नाही, तर व्यवस्थापक आंधळेपणाने कर्ज मंजूर करील. म्हणून नियम सैल करायचा का? तसे केले, की जामिनाच्या निमित्ताने सगळे कर्जखाते उघडे पडते. त्यापेक्षा एक छोटे फंक्शन लिहावे. ते नियमातून सूट असलेल्या खात्याच्या अधिकाराने चालेल, सभासद क्रमांक घेईल आणि एकच आकडा परत देईल, तो म्हणजे त्या सभासदावरचा जामिनाचा एकूण बोजा. कुणासाठी, कोणत्या शाखेत, हप्ते थकले आहेत का, यातले काहीही बाहेर येणार नाही. प्रत्येक शाखेला वेगळा डेटाबेस देऊनही भिंत मिळते, पण मग हाच एक आकडा काढायला बारा ठिकाणी विचारावे लागते. गोपनीयता कामाच्या आड येते आहे असे वाटते तिथे बहुधा नेमकी किती माहिती लागते हेच ठरलेले नसते. आणि ते ठरवण्याची सक्ती हा नियम करतो.

या सुरक्षेच्या मर्यादाही मान्य कराव्या लागतात. पॅन क्रमांक संस्थाभर एकमेव असावा अशी अट असेल, तर ती तपासताना डेटाबेस झाकलेल्या ओळीही पाहतो. सातच्या व्यवस्थापकाने एखादा पॅन भरला आणि तो आधीच नोंदलेला निघाला, तर ती व्यक्ती संस्थेची सभासद आहे एवढे त्याला कळतेच. दुसरी मर्यादा मोठी आहे. शाखेचा क्रमांक सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे ज्याला सॉफ्टवेअरच्या भोकातून हवे ते विधान डेटाबेसपर्यंत पोचवता येते, तो सातऐवजी तीनही लिहू शकतो. म्हणजे या मांडणीत हा नियम विसराळूपणाला पूर्ण रोखतो, घुसखोराला थोडेच. त्यासाठी सॉफ्टवेअरमधली इतर खबरदारी लागतेच.

मग एवढा खटाटोप कशासाठी? तपासणीचे काम यामुळे आटोक्यात येते म्हणून. अट शेकडो क्वेऱ्यांत विखुरलेली असते, तोवर ‘एका शाखेला दुसरीचे दिसत नाही ना’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही, कारण सगळ्या क्वेऱ्या कुणीच वाचलेल्या नसतात. नियम तक्त्यावर आला, की लेखापरीक्षकाने पाहायच्या गोष्टी चार उरतात: `pg_policies` मधली नियमांची यादी आणि तक्त्यावर `ENABLE` व `FORCE` लागू आहेत ना ते, `pg_roles` मधली सूट असलेली खाती, सूट वापरणारी व्ह्यू आणि फंक्शन्स, आणि शाखेचा क्रमांक जिथे लिहिला जातो ती सॉफ्टवेअरमधली एक जागा. हे काम एका दुपारचे आहे, आणि सॉफ्टवेअर बदलले की ते पुन्हा करता येते.